नंबर पत्त्याचा असतो, आणि त्याला तारीख असते

दुपारची कामं आटोपून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणी लसूण सोलत असेल, कुणी निवडत असेल. हात चालू ठेवा, नुसतं ऐकत राहा. आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगणार आहोत. ही चूक चटणीत मीठ जास्त पडल्याची नाही. ती एका कागदाची आहे, आणि त्या कागदापायी आमची ऐन दिवाळीची ऑर्डर गेली.

आमचा गट सोलापूर जिल्ह्यातला, दहा बायकांचा. आम्ही शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतो. सुरुवातीला जत्रेत, बाजारात विकायचो. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. 2021 साली एका दुकानदाराने सांगितलं, "माल चांगला आहे, पण पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर असल्याशिवाय मला ठेवता येणार नाही." मग आम्ही तालुक्याच्या गावी एका ऑनलाइन सेवा केंद्रात गेलो. अध्यक्ष ताईंचं आधार कार्ड आणि फोटो दिला. चालकाने दोन हजार रुपये घेतले. आठवड्याभराने चौदा आकडी नंबर असलेला एक कागद हातात आला. आम्ही तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि अध्यक्ष ताईंच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, जपून ठेवला. नंबर लेबलवर छापून घेतला. काम झालं असं आम्हाला वाटलं.

दोन वर्षं नीट गेली. 2023 च्या नवरात्रात सोलापुरातल्या एका मोठ्या दुकानाने पाचशे पाकिटांची ऑर्डर दिली. दोनशे ग्रॅमचं एक पाकीट, पंच्याहत्तर रुपये भाव. म्हणजे साडेसदतीस हजारांची ऑर्डर. आम्ही गटातून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं, शेकडा दोन रुपये व्याजाने, आणि शेंगदाण्याची पोती आणली. एकशे ऐंशी पाकिटं तयारही झाली. दसऱ्याच्या आधी दुकानातला मुलगा नमुना न्यायला आला. त्याने पाकीट हातात घेतलं, मोबाइल काढला आणि आमचा नंबर टाकून बघितला. मग म्हणाला, "मावशी, हा नंबर तर बंद आहे. मुदत 2022 च्या सप्टेंबरातच संपलीय."

आम्ही ट्रंक उघडली, कागद काढला आणि पहिल्यांदा तो शेवटपर्यंत वाचला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, 14 सप्टेंबर 2022 पर्यंत वैध. आम्ही दोन हजार दिले होते, पण सरकारी फी वर्षाला शंभरच रुपये होती. चालकाने एकाच वर्षाची फी भरली होती आणि उरलेले स्वतःकडे ठेवले होते. तेवढ्या पैशात पाच वर्षांची फी चार वेळा भरून झाली असती. पण दोष त्याच्या एकट्याचा नाही. कागद दोन वर्षं आमच्या घरात होता, आणि आम्ही दहाजणींपैकी एकीनेही त्यावरची तारीख वाचली नव्हती.

आता हा कागद म्हणजे काय, ते आधी सांगतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 सालचा आहे. विकण्यासाठी खाण्याचा पदार्थ करणाऱ्या प्रत्येकाला त्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. घरी केलं काय, टपरीवर केलं काय आणि हॉटेलात केलं काय, नियम तोच. फरक व्यवसायाच्या आकाराचा आहे. 2024 मध्ये ज्यांची वर्षाची विक्री बारा लाखांपर्यंत होती, त्यांना परवाना नाही, फक्त नोंदणी लागायची. त्याच्या पुढे गेलं की परवाना लागायचा. त्याची फी जास्त आणि कागदपत्रंही जास्त. चौदा आकडी नंबर दोनने सुरू होत असेल तर ती नोंदणी, आणि एकने सुरू होत असेल तर तो परवाना.

बारा लाख ऐकून काहीजणी घाबरतात, म्हणून हिशोब करून दाखवतो. विक्री म्हणजे नफा नाही, गल्ल्यात आलेले सगळे पैसे. आमची महिन्याला तीनशे पाकिटं चटणी जाते, पंच्याहत्तरने साडेबावीस हजार. कडक भाकरी महिन्याला दीड हजार, आठ रुपयाला एक, म्हणजे बारा हजार. दोन्ही मिळून साडेचौतीस हजार. वर्षाचे झाले चार लाख चौदा हजार. म्हणजे आम्ही बाराच्या खूप आत होतो, आणि आम्हाला नोंदणी पुरत होती. तुम्हीही गटाच्या वहीतून असाच आकडा काढा. ही मर्यादा आणि फी सरकार बदलू शकतं, म्हणून अर्ज भराल त्या दिवशी संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नोंदणीचा नंबर म्हणजे सरकारने तुमची चटणी चाखून दिलेलं प्रशस्तिपत्र नाही. त्याचा अर्थ एवढाच की हा पदार्थ कोण करतं आणि कुठे करतं हे सरकारदरबारी नोंदवलेलं आहे, आणि तिथे स्वच्छतेचे नियम पाळण्याचं तुम्ही लिहून दिलेलं आहे. उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर त्या नंबरवरून तुमच्या दारापर्यंत येता येतं. मुळात नंबर त्यासाठीच असतो.

आता परत आमच्या गोष्टीकडे. मुदत संपलेली कळल्यावर पहिला विचार आला, नूतनीकरण करून घेऊ. तिथे दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे खातं उघडेना. अर्ज भरताना चालकाने स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकला होता. मुदत संपत आल्याचे संदेश आले असतील तर त्याच्याकडेच आले असणार. ओटीपीही त्याच्याच फोनवर जाणार. आणि त्याने दुकान बंद करून गाव सोडलं होतं. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. मुदत संपून वर्ष होऊन गेलं होतं. संपल्यानंतर थोडे महिने दंड भरून नूतनीकरणाची सोय होती, ती वेळही निघून गेली होती. आता नवीनच नोंदणी करायची, असं सांगण्यात आलं.

इथे नीट लक्ष द्या, कारण आमचं खरं नुकसान इथेच झालं. वेळेत नूतनीकरण केलं असतं तर नंबर तोच राहिला असता, फक्त तारीख पुढे गेली असती. नवीन नोंदणी केली की नंबर नवा मिळतो. आमच्याकडे जुन्या नंबरची तीन हजार लेबलं छापून पडली होती, दीड रुपयाला एक. साडेचार हजारांची रद्दी झाली. एकजण म्हणाली, जुन्या नंबरवर नव्याची चिठ्ठी चिकटवू. पण भरलेली एकशे ऐंशी पाकिटं नोंदणी नसतानाच्या काळात तयार झालेली होती. नवा नंबर चिकटवून त्या पाकिटाचा जुना दिवस बदलत नाही. ती पाकिटं आम्ही आपापल्या घरी वाटून घेतली. त्या वर्षी आमच्या पोरांनी दिवाळीत फराळापेक्षा शेंगा चटणीच जास्त खाल्ली.

नवा अर्ज आम्ही 30 ऑक्टोबरला भरला. या वेळी आमच्यातली एक बारावी झालेली सून मोबाइलवर बसली आणि बाकी आम्ही तिच्याभोवती. तो कसा भरला, ते क्रमाने सांगतो.

सरकारचं संकेतस्थळ एकच आहे, foscos.fssai.gov.in. शोधायला गेलात की सारख्याच नावाची खासगी पानं वर येतात आणि हजार-दोन हजार मागतात. म्हणून पत्ता नीट टाइप करा, आणि शेवटी gov.in आहे ना ते बघा. तिथे स्वतःचं खातं उघडायचं, आणि मोबाइल नंबर गटातल्या अशा बाईचा द्यायचा जी सिमकार्ड बदलत नाही. आम्ही गटाच्या नावाने एक ईमेलही काढला आणि त्याचा पासवर्ड गटाच्या ठरावाच्या वहीत लिहून ठेवला. मग राज्य निवडायचं आणि आपण करतो तो व्यवसायाचा प्रकार निवडायचा. जबाबदार व्यक्तीचा फोटो आणि सरकारी ओळखपत्र जोडायचं. ओळखपत्रावरचा पत्ता आणि काम करण्याची जागा वेगळी असेल तर जागेच्या पत्त्याचा पुरावाही द्यायचा. शेवटी किती वर्षांची नोंदणी हवी ते तेव्हा विचारलं होतं, एक ते पाच. आम्ही पाच निवडलं आणि पाचशे रुपये ऑनलाइन भरले. पावतीवर अर्जाचा क्रमांक येतो. तो लिहून ठेवा, कारण अर्ज कुठवर आला हे त्याच्यावरूनच कळतं.

नियम असा आहे की अर्ज गेल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, नाहीतर कारण देऊन नाकारायची, किंवा तपासणीला येतो असं कळवायचं. सात दिवसांत यातलं काहीच झालं नाही तर काम सुरू करता येतं. आम्हाला तपासणीचा संदेश आला, म्हणून आम्ही थांबलो. चार दिवसांनी अन्न सुरक्षा अधिकारी आल्या. आम्ही अध्यक्ष ताईंची पडवी सारवून, धुऊन, पताका लावून ठेवली होती. त्यांनी पताकांकडे बघितलंही नाही.

त्यांनी काय बघितलं ते सांगतो. पाणी कुठून आणता, हे आधी विचारलं. पिण्याचं पाणी झाकलेल्या भांड्यात आहे का आणि काढायला दांड्याचा ओगराळा आहे का, ते बघितलं. मग वर छताकडे बघितलं. पडवीच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटत होता, आणि त्याच्याच खाली आमची परात होती. त्या म्हणाल्या, "हा पोपडा चटणीत पडणार." फळीवर पिठाच्या डब्याशेजारी फिनेलची बाटली आणि उंदराचं औषध होतं. ते तिथून हलवून स्वयंपाकघराबाहेर कुलपात ठेवायला सांगितलं. आमचे हात बघितले, नखं बघितली. एकीच्या बोटाला चिरा पडला होता आणि त्यावर हळद लावलेली होती. "हळद लावा, पण वर पट्टी बांधा. आणि जखम ओली असेल तर त्या दिवशी कुटायला बसू नका." काचेच्या बांगड्यांबद्दल त्या हळूच बोलल्या. त्यांना माहीत होतं की सवाष्णीला बांगड्या काढ म्हणणं सोपं नाही. उखळात काचेचा तुकडा गेला तर तो शेंगदाण्यात दिसत नाही. म्हणून आता आम्ही कामाला बसताना बांगड्या मनगटावर मागे सारतो आणि कोपरापर्यंत घट्ट बाह्यांचा कपडा घालतो. डोक्याला फडकं बांधतो. जुलाब किंवा ताप असेल तिने त्या दिवशी हिशोबाची वही लिहायची, परातीला हात लावायचा नाही.

शेंगदाणे बघताना त्यांनी पोत्यात तळापर्यंत हात घातला. वरचे दाणे चांगले असतात, ओल लागते ती तळाला. पोतं थेट जमिनीवर ठेवलं की बुरशी धरते. बुरशी लागलेल्या दाण्यात विष तयार होतं, आणि ते भाजल्याने जात नाही. आम्ही आजवर काळपट दाणे खरपूस भाजून चालवून घ्यायचो. आता पोती लाकडी पाटांवर, भिंतीपासून लांब ठेवतो. आणि निवडताना काळा, सुरकुतलेला किंवा हिरवट बुरशीचा दाणा सरळ बाजूला काढून फेकतो. तो जनावरांनाही घालत नाही.

मग त्यांनी विचारलं, "भाकरी कुठे करता?" आम्ही सांगितलं, चौघीजणी आपापल्या घरी करतात आणि इथे आणून भरतो. यावर त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नोंदणी ही माणसाची असते आणि त्या पत्त्याची असते, पदार्थाची नसते. अर्जात अध्यक्ष ताईंच्या घराचा पत्ता असेल तर त्या नंबराखाली तिथेच केलेला माल यायला हवा. चार घरांच्या चार चुलींवर झालेली भाकरी एका घराच्या नंबराने विकणं बरोबर नाही, कारण उद्या खराबी निघाली तर ती कोणत्या चुलीवरची हे कुणालाच सांगता येणार नाही. मार्ग दोनच होते. एकतर चौघींनी वर्षाला शंभर रुपये भरून आपापल्या घराची नोंदणी करायची, नाहीतर सगळं काम एका जागी आणायचं. आम्ही दुसरा मार्ग धरला. पडवीला लागून एक खोली रिकामी होती, तिथे दोन मोठे तवे मांडले. आता आठवड्यातून तीन दिवस भाकरी तिथेच होते.

याच कारणाने आमच्या गटातल्या एका वहिनींना वेगळी नोंदणी करावी लागली. त्या एसटी स्टँडजवळ छोटी खानावळ चालवतात. त्यांना वाटायचं, मी गटातच आहे, गटाचा नंबर मला चालेल. तो चालत नाही. खानावळीचा पत्ता वेगळा, नोंदणीही वेगळी. आणि तुम्ही जागा बदलली, म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात काम नेलं, तर जुना नंबर सोबत जात नाही. नव्या जागेसाठी नवा अर्ज करावा लागतो. म्हणून लेबलं हजारांनी छापण्याआधी स्वतःला विचारा, पुढची दोन-तीन वर्षं आपण याच जागेत आहोत का?

पोपडे खरवडून भिंतीला चुना दिला, फिनेल हलवलं, त्याचे फोटो पाठवले. 9 नोव्हेंबरला प्रमाणपत्र आलं. दिवाळी बाराला होती. दुकानाने आधीच दुसरीकडून माल घेतला होता. त्यांच्यावर आमचा राग नाही. मुदत संपलेल्या नंबराचा माल ठेवला असता तर ते स्वतःच अडचणीत आले असते.

आता हा कागद कुठे ठेवायचा? आमच्यासारखा ट्रंकेत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि जबाबदार व्यक्तीचं फोटो ओळखपत्र, दोन्ही कामाच्या जागी दर्शनी भागात सतत लावलेलं असलं पाहिजे, असा नियमच आहे. हातगाडीवर विकत असाल तर ते गाडीवर. आम्ही मूळ कागदाची प्रत फ्रेममध्ये घालून खोलीच्या दारासमोरच्या भिंतीवर लावली आहे, चुलीच्या धुरापासून लांब. मूळ कागद फाइलमध्ये ठेवला आहे. जत्रेत किंवा प्रदर्शनात स्टॉल लावतो तेव्हा एक प्रत सोबत नेतो आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला लावतो.

खानावळ किंवा हॉटेल असेल तर याशिवाय अन्न सुरक्षेचा एक फलकही गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा असतो. हॉटेलांसाठी तो जांभळ्या रंगाचा असतो. त्यावर नोंदणीचा नंबर, स्वच्छतेच्या मुख्य गोष्टी आणि तक्रार कुठे करायची ते लिहिलेलं असतं. वहिनींना आधी लाज वाटत होती, तक्रारीचा नंबर आपणच आपल्या भिंतीवर लावायचा का म्हणून. आता त्या सांगतात, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर फलक बघून आत येतात. आणि जानेवारी 2022 पासून पावतीवरही हा नंबर छापणं बंधनकारक आहे. वहिनींनी पावतीपुस्तकासाठी रबरी शिक्का करून घेतला.

पाकिटावर काय असावं, ते आमच्या नव्या लेबलवरून सांगतो. पदार्थाचं नाव, घटक पदार्थ, म्हणजे जे जास्त ते आधी: शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. निव्वळ वजन, किंमत सर्व करांसह, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि वापरण्याची अंतिम तारीख. गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, आणि हा पत्ता नोंदणीतला असतो तोच. एफएसएसएआयचं चिन्ह आणि त्याखाली चौदा आकडे. शेंगदाणा काहीजणांच्या अंगावर उठतो, श्वास कोंडतो, म्हणून 'यात शेंगदाणा आहे' हे वेगळं लिहावं लागतं. चटणीच्या नावातच शेंगा आहे म्हणून ते सोडून चालत नाही.

आणि एक गोष्ट आमच्या पहिल्या लेबलवर चुकलेली होती. सगळा मजकूर मराठीत होता. नियमाप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो, आणि त्यासोबत मराठी ठेवायला कुणाची ना नाही. आता आमचं लेबल मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे. आणि आम्ही एका वेळी पाचशेच छापतो.

शेवटची गोष्ट नूतनीकरणाची. आमचा नवा कागद 8 नोव्हेंबर 2028 पर्यंत आहे. 2024 च्या नियमाप्रमाणे मुदत संपायच्या एकशे ऐंशी दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज भरता यायचा. म्हणजे आमच्यासाठी 12 मे 2028 पासून. नियमात लिहिलं होतं की अर्ज मुदतीच्या तीस दिवस आधी जायला हवा, म्हणजे आमचा 9 ऑक्टोबरपर्यंत. त्यानंतर पण मुदत संपण्याआधी भरला तर दिवसाला शंभर रुपये विलंब शुल्क होतं. वीस दिवस उशीर म्हणजे दोन हजार, आणि पाच वर्षांची फी होती पाचशे. वेळेत भरला तर अधिकाऱ्याचा निर्णय येईपर्यंत जुनी नोंदणी चालू धरली जायची, काम थांबवावं लागायचं नाही. आणि मुदत संपेपर्यंत भरलाच नाही तर त्या जागेतलं काम बंद करावं लागायचं.

2028 फार लांब आहे. तोवर अध्यक्ष बदलतील, सचिव बदलतील, एखादी सून नोकरीला शहरात जाईल. म्हणून आम्ही ती तारीख कुणाच्या लक्षात ठेवलेली नाही. गटाच्या ठरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे, '12 मे 2028, नूतनीकरण'. खाली मोबाइल नंबर कोणाचा दिला आहे तेही लिहिलं आहे. दरवर्षी संक्रांतीच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचायचं असा ठराव केला आहे. सचिव बदलली की वहीसोबत हे पानही नव्या सचिवेला वाचून दाखवायचं.

आज हा कार्यक्रम संपला की तुमच्या गटाचा किंवा तुमच्या खानावळीचा कागद काढा. त्यावर तीन गोष्टी बघा: कुठवर वैध आहे, पत्ता तुम्ही आज काम करता तोच आहे का, आणि त्यासोबतचा मोबाइल नंबर तुमच्याच घरातला आहे का. मग घरातल्या कुणाच्या तरी फोनवर foscos.fssai.gov.in उघडा, FBO Search मध्ये आपला चौदा आकडी नंबर टाका आणि नोंदणी चालू आहे की संपली ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या मुलाने आमचा नंबर तसाच बघितला होता. पाच मिनिटांचं काम आहे. काही अडलं तर प्राधिकरणाचा मोफत क्रमांक आहे, 1800 11 2100. कागदपत्राचं काम अडलं तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात जा. जाताना अर्जाचा क्रमांक सोबत घ्या.

यंदाच्या दिवाळीला त्याच दुकानातला मुलगा पुन्हा आला. नमुन्याचं पाकीट हातात घेतलं आणि पुन्हा मोबाइल काढला. आम्ही सगळ्या गप्प उभ्या होत्या. त्याने बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "मावशी, पाचशे पाकिटं कधी देता?"